अप्पा, हे…

आमच्या अप्पांचं लातूरला गोलाईच्या बाजारपेठेत भांड्यांचं दुकान. दुकानात बसून त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पितळ वाजवून घ्यावं. दुसरी, दोन माणसांची ओळख करून देताना जो मानाचा, त्याला आधी हाक मारावी. "काका, हा माझा भाचा," असं म्हणायचं. "भाच्या, हे काका" म्हटलं की काकांचा अपमान झाला. यात ते कुणाचं ऐकायचे नाहीत. एकदा नव्या नोकरानं गिऱ्हाइकाला आधी हाक मारून अप्पांची ओळख गिऱ्हाइकाला करून दिली, तर अप्पा म्हणाले, "बरं केलास. गिऱ्हाईकच मोठं." म्हणजे नियम पक्का, फक्त मोठं कोण ते बघायचं.

मी तेव्हा नांदेडला एका शाळेत मराठी शिकवत होते. तिथंच गणित शिकवणारा एक जण मला आवडला. आवडला काय, लई आवडला. लोह्याकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, मराठा. आम्ही लिंगायत. आईला मी फोनवर सगळं सांगून टाकलं होतं. अप्पांना सांगायची तिची हिंमत नव्हती आणि माझी तर मुळीच नव्हती. त्यात उदगीरच्या आत्यानं माझ्यासाठी एक स्थळ आणलं. कापडाचं दुकान, घरी गाडी, जातीतला पोरगा. रविवारी आत्या लातूरला येणार, आमचा होकार घेऊन जाणार, असं ठरलं. मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. त्याच रविवारी त्याला घरी न्यायचं.

बसमध्ये नांदेडपासून आम्ही फक्त दोन वाक्यं घोकली. माझं वाक्य, "अप्पा, हे आमच्या शाळेतले गणिताचे सर." मी त्याला एरवी 'अरे-तुरे' करते, पण अप्पांसमोर 'हा' म्हटलं तर जवळीक दिसेल. म्हणून 'हे'. आधी शाळेतले सर म्हणून चहा होऊ द्यायचा, मग हळूच विषय काढायचा. त्याचं वाक्य, "शरणू शरणार्थी, काका." आमच्यात नमस्कार असाच करतात.

"मी रामराम म्हणलो तर काय बिघडंल?" तो म्हणाला. "दुसऱ्याचा सदरा घातल्यावानी वाटायलंय."

"सदरा घाल आणि गप बस," मी म्हटलं. मला राग आला की मी अशीच बोलते. अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत 'शरणू शरणार्थी' पुटपुटत होता आणि शेंगदाणेवाली म्हातारी त्याला हात जोडून "शरणार्थी, बाबा" म्हणाली. मला हसू आवरेना. त्याला वाटलं, सगळं सोपं आहे.

घरी पोचलो. पुढच्या खोलीत अप्पा खुर्चीवर, आत्या दिवाणावर मांडी घालून, आई स्वयंपाकघराच्या दारात. मी चप्पल काढली, अप्पांकडं बघितलं. आत्या त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत होती.

"अप्पा, हे…" मी म्हणाले.

आणि पुढचं वाक्य गेलं! शाळेतले, गणिताचे, सर, सगळं गेलं. उरलं ते नुसतं 'हे'. मी मराठीची बाई. पोरांना सर्वनामं शिकवते. मला कळलं नसतं तर नवल. आमच्या घरात नुसतं 'हे' एकाच माणसाला म्हणतात. आई लग्न झाल्यापासून अप्पांना 'हे' म्हणत आली. हे जेवले, हे दुकानात गेले, ह्यांचं डोकं दुखतंय. बाई ज्याचं नाव घेत नाही, तो 'हे'.

आत्यानं कपाळावर हात मारला. "हे? कोण हे? लग्नाचं आवतन न्हाई आलं आम्हाला!"

ते ऐकून हा पुरता गोंधळला. तरी बिचाऱ्यानं हात जोडले, वाकला आणि म्हणाला, "शरणू शरणार्थी, मामा."

मामा! काका ठरलं होतं, काका! जावयानं सासऱ्याला मारायची हाक म्हणजे मामा. मला वाटलं, धरणीमाय, पोटात घे.

"घ्या," आत्या म्हणाली, "मामाबी म्हणून झालं. आता अक्षताच तेवढ्या ऱ्हायल्यात."

अप्पांच्या चेहऱ्यावर काहीच दिसेना. त्यांनी त्याला "बसा" म्हटलं. 'बस' नाही, 'बसा'. मग विचारलं, "मामा कसं काय म्हणलाव?"

"आमच्याकडं कंडक्टरलाबी मामाच म्हणतेत," तो म्हणाला. मला बरं वाटलं, सुटलो! पण हा शहाणा थांबेल तर शपथ. पुढं म्हणाला, "पण तुमाला तसं न्हाई म्हणलो. तोंडातून निघालं, पण निघालं ते खरं हाय."

अप्पा उठले आणि स्वयंपाकघरात गेले. आईचा आवाज दबका होता, पण आमच्या घराच्या भिंती पातळ.

"तुला ठाऊक होतं?" अप्पा.

"हाव. तिच्याच शाळेत गणिताचा सर हाय, लोह्याकडचा मराठा."

"आणि अक्कानं आणलेलं स्थळ?"

"बसवजयंतीला दरसाल स्टेजवर काय बोलता तुम्ही? जातपात मानू नका म्हणता. ते खरं, का घरातलं खरं? एकदा ठरवा. पोरगं लबाड असतं तर कंडक्टरवरच थांबलं असतं."

आईला एवढं बोलताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. मला तिचा असा अभिमान वाटला की रडूच आलं. बाहेर आत्या त्याच्याकडं बघत होती आणि तो फरशीकडं.

अप्पा परत आले, मध्ये उभे राहिले. आत्याची आणि त्याची ओळख अजून कुणी करून दिली नव्हती. आता अप्पा ती करून देणार होते, आणि मला त्यांचा नियम पाठ होता. आत्या घरातली सगळ्यात मोठी, अप्पांपेक्षाही. ते म्हणणार, "अक्का, हे पोरीच्या शाळेतले सर." म्हणजे संपलं. चहा, बस, नांदेड. आणि आत्या जाणार उदगीरला, होकार घेऊन. मी पदर मुठीत गच्च धरला.

अप्पांनी आत्याकडं बघितलं. मग तिच्याकडं पाठ न करता, पण तोंड त्याच्याकडं वळवून, दुकानात बोलतात तशा स्पष्ट आवाजात म्हणाले,

"जावईबापू, ही माझी थोरली बहीण."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की हाक त्याला आधी मारली. वयानं कितीही लहान असो, जावयाचा मान मोठा.

अप्पा तिच्याकडं बघत उभे. थोरल्या बहिणीला त्यांनी जन्मात कधी दुसरा नंबर दिला नव्हता.

"उदगीरच्या लोकांना आता मी काय तोंड दाखवू?" आत्या म्हणाली. मग सुस्कारा टाकला. "सांगते, आमच्या पोरीनं आधीच 'हे' शोधलेत म्हणून."

ती दिवाणावरून खाली उतरली, पदर डोक्यावरून घेतला आणि आधी तिनंच हात जोडले. "शरणार्थी, जावईबापू."

आणि इतका वेळ 'शरणू शरणार्थी' घोकणारा माझा गणिताचा मास्तर, आनंदानं तोंडभर हसत म्हणाला,

"रामराम, आत्याबाई!"