मालनबाईंचा काळा बैल

माझ्याकडं बी.ए.ची पदवी होती आणि मालनबाईंकडं नव्हती. एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर मी जे केलं ते सांगतो.

तेव्हा जालना जिल्हा झाला नव्हता. तीर्थपुरीपासून कोसभर अंतरावर आमची सातवीपर्यंतची शाळा, मी तिथं शिक्षक. मालनबाई खरात त्याच गावच्या, बौद्ध वस्तीतल्या. सातवीची फायनल परीक्षा पास होऊन शाळेत बाई झाल्या आणि रेडिओ ऐकून, जुनी पुस्तकं वाचून इंग्रजी स्वतःच शिकल्या. त्यांच्या हट्टापायी पाचवीचं इंग्रजी हेडमास्तरांनी त्यांना वर्षभरासाठी देऊन पाहिलं होतं. तपासणीचा पाठ चांगला झाला तर कायम, नाही तर माझ्याकडं.

पाठ निवडला तोही अवघडच. मराठीत आपण ‘दुसरा’ म्हटलं की भागतं, इंग्रजीत त्याचे चार तुकडे होतात आणि ‘प्रत्येक’चे दोन. बाईंनी जुन्या कॅलेंडरांच्या पाठीमागं गेरूनं, निळीनं आणि कोळशानं चित्रं काढली होती आणि वापराप्रमाणं त्यांचे गठ्ठे बांधले होते. चार पोरी, चार पाट्या, प्रत्येकीपासून तिच्या पाटीपर्यंत एकेक रेघ: ते ‘ईच’. त्याच चार पोरींभोवती एकच मोठं कडं: ते ‘एव्हरी’. ताटात एक भाकर आणि वरून येणारी आणखी एक: ‘अनदर’. पुढं नाम असेल तर ‘अदर’, म्हणून ‘अदर गोट्स’. नाम गाळलं तर ‘अदर्स’: काही कोंबड्या दाणे टिपताहेत, अदर्स झोपल्यात. आणि शेवटी बैलजोडी. एक पांढरा, द अदर काळा.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी मला ती चित्रं दाखवली. मी बैलांवर बोट ठेवलं.

"इथं अनदर पाहिजे. अनदर म्हणजे दुसरा."

"सर, पण बैल दोनच हायेत. एक धरला की उरलेला ठरलेलाच ऱ्हातो. अनदर म्हणलं तर बाकी बी कुठंतरी हायेत असं वाटंल न्हाई का?"

बोलणं बिलकुल बरोबर होतं. मला ते त्याच क्षणी कळलं, हे आज कबूल करतो. पण त्यांच्याकडून इंग्रजी शिकायची वेळ आली, हे मला सोसलं नाही.

"बी.ए. मी झालोय का तुम्ही?" मी म्हणालो. "अनदर लिहा."

त्या "बरं सर" म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले. मी हेडमास्तरांशेजारी मागच्या बाकावर. पाठ असा रंगला की पोरं भाकरीच्या चित्राला "अनदर! अनदर!" म्हणून ओरडत होती. मग बाईंनी बैलांचं चित्र वर धरलं आणि वाचलं, "वन ऑक्स इज व्हाइट. अनदर इज ब्लॅक."

साहेबांनी हात वर केला. "बाई, जोडीत बैल किती?"

"दोन, साहेब."

"मग अनदर कसं? कुणी शिकवलं तुम्हाला?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. एकदाच. मी हजेरीपट उघडला आणि त्यातली नावं वाचू लागलो. उभं राहून "मी सांगितलं" एवढे दोनच शब्द बोलायचे होते.

"माझीच चूक झाली, साहेब," बाई म्हणाल्या.

शेऱ्यात आलं की इंग्रजी बी.ए. झालेल्या शिक्षकाकडं द्यावं. म्हणजे माझ्याकडं. मी आठ दिवस जेवणात मीठ आहे की नाही हेसुद्धा सांगू शकलो नसतो. शेवटी हेडमास्तरांपुढं खरं काय ते बोललो. ते म्हणाले, "शेरा गेला वर. आता कशाला उकरता?" मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच जास्त लाज वाटली.

बाईंनी स्वतः होऊन सगळे गठ्ठे माझ्या टेबलावर आणून ठेवले. "पोरांना चित्रानं लवकर समजतं सर," म्हणाल्या. त्या वर्गाबाहेर गेल्यावर मी बैलांचा गठ्ठा सोडला. आत बैलजोड्या दोन निघाल्या. एकीखाली माझा अनदर. दुसरीखाली त्यांचा द अदर, कोपऱ्याला खडूचं बोट उमटलेलं.

मी ते चित्र घेऊन व्हरांड्यात धावलो. "बाई, हे बरोबरचं चित्र तुम्ही त्या दिवशी वर्गात आणलं होतं?"

"आणल्तं की. दोन्ही आणल्ते. हातात हेच धरल्तं आधी."

"मग दाखवलं का नाही?"

त्यांनी पदर सारखा केला. आवाजात राग नव्हता, असता तर मला बरं वाटलं असतं.

"तुम्ही मागं बसल्ते ना सर. हे दाखवल्यावर तुम्ही ‘अनदर’ म्हणून टोकलं असतं तर? साहेबापुढं तुमचं चुकलं असं कसं दाखवू?"