सही जुळत नाही

त्या बँकेचं नाव मी घेत नाही. घेतलं की तोंड कडू होतं.

थोरली बहीण परदेशात. पहिलंच बाळंतपण, त्यात डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलेलं. आईनं जायचं ठरवलं. कंपवाताचा हात घेऊन ही कसली बाळंतीण सांभाळणार, असं नातेवाईक कुजबुजले. बहीण फोनवर रडत म्हणाली, आई, तू काही करू नको, नुसती जवळ बस.

व्हिसाची तारीख सोमवारी, मुंबईला. शुक्रवार उजाडला तरी एक कागद राहिला होता, आईच्या पेन्शन खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट. मोबाईलवर काढलेलं चालणार नाही, प्रत्येक पानावर शाखेचा गोल शिक्का आणि अधिकाऱ्याची सही पाहिजे, असं एजंटानं बजावलं होतं. शनिवार दुसरा, म्हणजे बँक बंद. मी अर्ज लिहिला: खाते क्रमांक, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कारण व्हिसा, लागेल तो खर्च खात्यातून वळता करावा. खाली आईनं सही केली. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं आणि नेमका तोच दिवस, म्हणून भांडी अर्धी भरून, तोटी शेजारणीच्या हवाली करून आम्ही निघालो.

शाखा जुन्या गल्लीतून हलून नव्या काचेच्या कॉम्प्लेक्सात गेली होती. रस्ता खोदलेला, रिक्षा लांबच थांबली. आत मुंगीला शिरायला जागा नव्हती. दुष्काळाचं अनुदान जमा झालेलं, फुलंब्रीकडची माणसं सकाळपासून रांगेत. प्यायच्या पाण्याचा जार रिकामा. आईला खुर्चीसुद्धा मी भांडून मिळवली.

दुपारी नंबर लागला. अधिकारी तिशीतला. त्यानं अर्ज बघितला, कॉम्प्युटरमधली सही बघितली आणि अर्ज परत सरकवला. सही जुळत नाही.

मी आईचं आधार दाखवलं, पासपोर्ट दाखवला, आई स्वतः समोर बसलीय हे दाखवलं. तो म्हणाला, माझ्यासमोर करा. आईनं केली. डाव्या हातानं मनगट दाबून धरून केली, तरी शेवटचं अक्षर कागदाबाहेर पळालं. दुसरी केली, ती पहिलीसारखी नव्हती. मी म्हटलं, मग नवीन सहीची नोंद करून घ्या. तर म्हणे, नोंद कोणती करू, दोन सह्या तर एकमेकींना जुळत नाहीत, उद्या ऑडिटला मी काय सांगू? माझं डोकं असं तापलं म्हणता. अहो, पैसे काढत नाही ती! स्वतःच्याच खात्याचा कागद मागतेय.

मग त्यानं अगदी सोपा उपाय सुचवावा तसं सांगितलं, "आजी, अंगठा द्या ना. दोन साक्षीदार लागतील, एक आमचा माणूस होईल. पाच मिनिटांत काम."

आजी! तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई ती. साक्षरतेच्या वर्गाला पैठणकडच्या वस्त्यांवर चालत जायची, बायकांचा हात हातात धरून सही गिरवून घ्यायची. अंगठा पुसून टाका, असं तेव्हा घरोघर सांगत हिंडली.

"अंगठा मी लावणार नाही," आई म्हणाली.

मागं रांगेत उभी असलेली एक म्हातारी पुढं वाकली. "बाई, आमी तर जल्मभर लावतो. अंगठ्यानं काय इटाळ व्हतो व्हय?"

आईनं तिच्याकडे बघितलं. "नाय गं, इटाळ नाय. पण मला सही येती."

मी मॅनेजरच्या केबिनकडे निघाले, आज याची खैर नाही म्हणत. तेवढ्यात आईनं मला हाक मारली. तिनं पर्समधनं बहिणीचा फोटो काढून मांडीवर ठेवला होता. म्हणाली, भांडू नको, चार वाजले की हे लोक काम बंद करतील. आणि डावा हात पुढं केला. अधिकाऱ्यानंच तिचा अंगठा धरून शाईच्या डबीवर दाबला, मग अर्जावर. शेजारी लिहिलं, निशाणी डावा अंगठा. मी साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही एका झटक्यात झाली, त्याचीसुद्धा मला लाज वाटली.

स्टेटमेंट मिळालं. पानापानावर शिक्का, सही, सगळं अगदी नियमात. व्हिसाही मिळाला. आई वेळेवर पोचली, नातीला मांडीवर घेऊन बसली, बहीण म्हणते तिच्या येण्यानंच मी तरले. सगळं खरं. नियम असेल, त्या पोराची नोकरी असेल, तेही खरं. पण मी त्याला माफ केलेलं नाही.

कारण आई बहिणीकडून परत आल्यावर गॅसचा पोरगा पावती घेऊन दारात आला. त्यानं पेन पुढं केलं. आईनं पेनाकडे बघितलंच नाही, सवय असल्यासारखा अंगठा पुढं केला.