भरतीच्या वेळची नाडी

मला संघातून काढायचं ठरलं ते आमोण्याच्या देवळासमोरच्या मंडपात, आणि मी तिथेच बसलो होतो. गोवा राज्य झाल्यानंतरचा तो पहिलाच हिवाळा. आमच्या कमिटीत त्या संध्याकाळी बॅनर मराठीत लिहायचा की कोंकणीत, यावर तासभर गेला. उजव्या विंगवर मी खेळणार की नाही, यावर पाच मिनिटंसुद्धा गेली नाहीत.

मी सावंतवाडीकडचा. खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत खनिजाचा टिप्पर चालवायला आलो आणि इथलाच झालो. शाळा चौथीपर्यंत, पण फुटबॉल मला कोणी शिकवावा लागला नाही. बारा हंगाम उजवी विंग माझी होती. आता चाळिशीला टेकलो होतो आणि माझ्या जागेवर खाणीतला एक इलेक्ट्रिशियन डोळा ठेवून होता. बाविशीचा पोरगा, हरणासारखा. फोंड्याला अंतिम सामना होता, दोन महिन्यांवर.

"दादा, आता तुम्ही बाहेर बसून सांगा आमका," कमिटीतला एक जण म्हणाला. "वय झाला."

"वय झाला तर टिप्पर कोण चालवता? तुझो बापूस?"

सगळे हसले, पण निर्णय काही हसण्यावर गेला नाही. तेव्हा आमच्या शाळेचे शारीरिक शिक्षणाचे मास्तर मधे पडले. त्यांचा मेव्हणा आखातात होता. त्यानं त्यांना एक वस्तू आणून दिली होती: छातीला बांधायचा रबरी पट्टा आणि त्याच्या जोडीचं मनगटावरचं घड्याळ. पट्टा काळजाचे ठोके ओळखतो आणि घड्याळ दर पंधरा सेकंदांनी, मिनिटाला किती पडतात तो आकडा साठवून ठेवतं. मास्तर म्हणाले, "वादच कशाला? दोघांनाही एकेका सामन्यात बांधून बघू. पट्टा एकच आहे. या रविवारी ह्यांना, पुढच्या रविवारी त्याला."

मला ते आवडलं नाही. मी काय बैल आहे, बाजारात दात दाखवायला? पण नाही म्हटलं असतं तर घाबरलो म्हणाले असते. म्हणून म्हटलं, "बांधा."

आमचं मैदान म्हणजे भात कापल्यावर मोकळं झालेलं शेत. एका बाजूला काजूची झाडं, दुसऱ्या बाजूला बांध आणि बांधापलीकडे मांडवी. मास्तरांनी पट्टा आधी पाण्यात भिजवला, कारण कोरड्या अंगावर तो नीट चालत नाही. घड्याळावर फडकं गुंडाळलं, कोणाला लागू नये म्हणून. गावातल्याच दोन संघांत सामना लावला आणि मी धावलो. हातचं राखून धावणं मला येत नाही. मास्तर कडेला उभे राहून, माझी धाव कधी सुरू झाली नि कधी संपली, चेंडू कधी बाहेर गेला आणि कधी आत आला, एवढंच टिपत होते.

पुढच्या रविवारी इलेक्ट्रिशियन धावला. त्यानंतर मास्तरांनी घड्याळाचं बटण दाबून एकेक आकडा वाचला, चौकटीच्या कागदावर ठिपके मांडले आणि ते जोडले. दोन कागद मंडपात टेबलावर पसरले. डोंगर आणि दऱ्या, डोंगर आणि दऱ्या. आमच्या धावण्याचं असं चित्र मी पहिल्यांदाच पाहत होतो.

माझा सगळ्यात वरचा आकडा एकशे शहात्तर, पोराचा एकशे चौऱ्याण्णव. मी लगेच म्हटलं, "बघा. कोणाचं काळीज जास्त फुटतंय ते."

"तसं नाही," मास्तर म्हणाले. "सगळ्यात वरचा आकडा ज्याचा त्याचा असतो. वय वाढतं तसा तो खाली येतो. त्यावरून कोण दमदार हे कळत नाही. अख्ख्या सामन्याची सरासरी काढली तरी नाही, कारण तुम्ही सारखे धावत नाही, मधे थांबता. बघायचं ते हे, की धाव मारून थांबल्यावर नाडी किती लवकर उतरते. पुढची धाव खालून सुरू होते की वरूनच."

त्यांनी आणखी एक दाखवलं. छोट्या धावेत आकडा धावताना नव्हे, धाव संपल्यावर वर पोहोचत होता. कमिटीतल्या एकानं बोट ठेवून विचारलं, "हंय तर हे उभे होते, मग नाडी वर कशी?" मास्तर म्हणाले, "काळीज पायांच्या मागून येतं. पाय थांबले तरी ते थोडा वेळ चढत राहतं."

मग दऱ्या पाहिल्या. माझ्या दऱ्या खोल. एकशे दहापर्यंत उतरलेल्या. पोराच्या उथळ, एकशे चाळीसच्या खाली क्वचित. मी खुर्ची मागे सरकवली आणि पाय लांब केले. ज्यानं मला बाहेर बसून सांगायचा सल्ला दिला होता, तो चहा सांगायला उठला.

तेव्हा इलेक्ट्रिशियन कागदावर वाकला. बराच वेळ बघत राहिला. मग सरळ होऊन म्हणाला, "दादा, ही नाडी तुम्ही नाय उतरयली. भरतीन उतरयली."

"म्हणजे?"

"तुमच्या रविवारी भरती होती. बॉल बांधापलीकडे गेलो की वाहत जायचो. होडी काढून आणूक लागायचो. माझ्या रविवारी ओहोटी. बॉल चिखलात पडायचो, कोणतरी उडी मारून लगेच परत फेकी. तुमका विश्रांती मिळाली, माका मिळूक नाय."

आठ दिवसांत त्याच वेळेला भरतीच्या जागी ओहोटी येते, हे इथल्या कोणालाही शिकवावं लागत नाही. तरी आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. मास्तरांनी आपलं टिपण कागदाशेजारी ठेवलं. माझी प्रत्येक खोल दरी चेंडू पाण्यात असतानाची होती.

"नदीक खेळवूया विंगवर," कोणीतरी म्हणालं. त्या हसण्यात मी हसलो नाही.

मास्तरांनी नवा हिशेब मांडला. चेंडू किती वेळ बाहेर होता ते सोडून द्यायचं. प्रत्येक धावेनंतरचं पहिलं अर्धं मिनिट तेवढं बघायचं, दोघांचंही. तसं पाहिलं तर सुरुवातीला माझी नाडी जवळजवळ पोराइतकीच उतरत होती. पण उत्तरार्धात, प्रत्येक दरीचा तळ आधीच्यापेक्षा वर. जिन्याच्या पायरीसारखा. मी प्रत्येक नवी धाव आधीच्या धावेचं ओझं घेऊन मारत होतो.

"ऊन, तहान, यानंही नाडी वर राहते," मास्तर म्हणाले. "एका सामन्यावरून शेवटचं बोलू नये. पण फोंड्याचं मैदान चारी बाजूंनी भिंतीचं आहे. चेंडू भिंतीला लागून लगेच परत येतो."

"मी रोज खाणीवरून घरापर्यंत पायी येतो," मी म्हटलं. "आणि पहाटे धावतोही. सगळ्यांच्या आधी."

"ते फुकट नाही. पण तुम्ही एका चालीनं धावता. खेळ तुटक आहे. तुटक खेळायला तुटक धावायला हवं."

"किती दिवस?"

"चार-पाच आठवड्यांत फरक दिसेल. किती, ते नाही सांगत."

"मग बांधायचा परत पट्टा," मी म्हणालो. "आणि चेंडू एक नको. चार ठेवा बांधावर. एक पाण्यात गेला की दुसरा आत."

दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की शेतावर. काजूच्या झाडांपासून बांधापर्यंत जीव खाऊन धावायचं, चालत परत यायचं, श्वास पुरता बसायच्या आत परत धावायचं. मधले एकदोन दिवस मोकळे सोडायला मास्तरांनी बजावलं होतं. ते मात्र मी ऐकलं, कारण त्या दिवशी जिना चढताना पाय ऐकत नसत. बाकीचे टिप्परवाले रस्त्यावर गाडी हळू करून हॉर्न देत. "दादा, कोण पाठीमागे लागला? बायको?"

बायको घरी काही कमी नव्हती. "ऐकलात? त्या पोराक जागा दिलात तर काय घर बुडता?"

"माझी जागा आहे. द्यायची तर मी देईन. घेऊ कोणाला देणार नाही."

"मग पेज जास्त खावा," म्हणाली, आणि ताटात वाढून मोकळी झाली.

आठवडा झाला असेल, इलेक्ट्रिशियन बांधावर येऊन उभा राहिला.

"तुम्ही एकटे धावतात तर स्वतःक फसवतात," तो म्हणाला. "मी बाजूक धावतंय."

"तुझी जागा घालवायला?"

"माझी की तुमची ती बघूया."

तो बाजूला आल्यावर कळलं, की सातव्या-आठव्या धावेला मी खरंच हळू पडत होतो आणि मला ते समजत नव्हतं. तो पुढे जाई, बांधाला हात लावी, आणि मागे वळून माझ्याकडे बघतही नसे. त्याचा मला फार राग येई. त्या रागावर मी पुढचे आठवडे धावलो.

दुसऱ्या चाचणीच्या दोन्ही रविवारी बांधावर चार चेंडू होते आणि विश्रांती कोणालाच नव्हती. यावेळी माझा कागद निराळा आला. दऱ्या उथळ, पण तळ बराच वेळ सपाट. पायरी चढली ती शेवटी-शेवटी. पोराचा तळ मात्र शेवटपर्यंत फारसा हलला नाही.

मास्तरांनी गोड बोलायचा प्रयत्न केला नाही. "तुम्ही बरेच पुढे आलात. पण शेवटची वीसेक मिनिटं तो तुमच्यापेक्षा बरा."

कमिटी माझ्याकडे बघत होती.

"सुरुवात मी करणार," मी म्हटलं. "पोरापेक्षा मला खेळ जास्त कळतो, हे कुठल्या पट्ट्यात येत नाही. माझी पायरी चढली की मी हात वर करीन. मग तो."

"तुम्ही?" कप्तान म्हणाला. "तुम्ही स्वतःहून मैदानातून कधी बाहेर इलात?"

"आता येईन."

फोंड्याला पंचांनी पट्टा, घड्याळ काही घालू दिलं नाही. ते मला माहीतच होतं. भिंतीबद्दल मास्तर बोलले ते खरं ठरलं. चेंडू बाहेर गेला की गेलाच नाही असा परत. पूर्वार्ध मी हवा तसा खेळलो. त्यांच्या डाव्या बॅकला मी दोनदा भिंतीशी नेऊन सोडलं. उत्तरार्धात थ्रो मिळाला की मी मानेवर दोन बोटं ठेवी. ठोके जोरात असायचे आणि थ्रो घेईपर्यंत सैल पडायचे. बराच वेळ तसं चाललं.

मग एका धावेनंतर थांबलो, बोटं ठेवली, आणि ठोके सैल पडलेच नाहीत. थ्रो झाला, चेंडू पलीकडे गेला, परत आला, तरी तेच. गोल कोणाचाच नव्हता. लोक भिंतीवर बसून ओरडत होते. पाय अजून धावले असते. पाय काय, ते मला बारा हंगाम खोटं सांगत आले होते. चेंडू माझ्याकडे आला. मी तो घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो, बॅकच्या पायाला लावून कॉर्नर मिळवला, आणि तिथूनच हात वर केला.

इलेक्ट्रिशियन धावत आत आला. माझ्याजवळून जाताना म्हणाला, "दादा, पट्टो नाय, मग कसा कळला?"

"बॅक डावीकडे वळताना हळू पडतो," मी म्हटलं. "तिथून काढ."

त्यानं तिथूनच काढला, दोनदा. गोल मात्र झाला नाही. पेनल्टीवर आम्ही हरलो.

मंगळवारी पाळी संपल्यावर मी शेतावर गेलो. पुढचा हंगाम वर्षावर होता आणि उजव्या विंगचं अजून काहीच ठरलं नव्हतं. बांधावर तो माझ्या आधी येऊन बुटाच्या नाड्या बांधत होता.