कारवाईची ओळ

गेल्या मार्चमधल्या एका सोमवारी, दुपारचे पेशंट संपल्यावर, बायकोच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत आम्ही चौघे बसलो होतो. डॉक्टर म्हणजे माझी बायको, दवाखान्याचा हिशोब पाहणारा मी, नऊ वर्षांपासून काउंटर सांभाळणाऱ्या बाई आणि दवाखान्याचं इंटरनेटवरचं काम महिना चार हजारांत करणारा एजन्सीवाला. समोर बारा हजार रुपयांचं कोटेशन होतं. तेवढ्यात तो तीस पाच-तारा अभिप्राय मिळवून देणार होता.

कारण होती एका माणसाने शनिवारी इंटरनेटवर टाकलेली तक्रार. एक तारा. ‘अकराची अपॉइंटमेंट. नंबर लागला एक वाजून वीस मिनिटांनी. माझ्यानंतर आलेले आधी आत गेले. काउंटरवरच्या बाई ओळखीच्यांना सोडतात.’

एजन्सीवाल्याने उत्तराचा मसुदा आणला होता. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ इथून सुरुवात, आणि शेवटी एक ओळ: ‘संबंधित कर्मचाऱ्यावर योग्य ती कारवाई करण्यात आली आहे.’

बाईंनी ती वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

“काका, माह्यावर कारवाई झाली, आन मलेच माहीत नाही.”

“ताई, तसं नसते,” एजन्सीवाला म्हणाला. “हे सगळेच लिहितात. पब्लिकला वाटते की काहीतरी ॲक्शन झाली. तुमचं नाव थोडीच आहे त्यात.”

“काउंटरवर मी एकटीच बसतो ना गा. नाव कायले पाहिजे? माह्या मोहल्ल्यातले अर्धे लोक इथंच येतात.”

बायको डोळे चोळत म्हणाली, “अहो, टाकू द्या ना. दोन दिवसांत लोक विसरतील.”

मी म्हटलं, झालेली नाही ती कारवाई मी लिहू देणार नाही. खोटी पावती मी आयुष्यात फाडली नाही, हीही फाडणार नाही. आणि बारा हजारांचे तारे तर अजिबात नकोत. जे लोक आलेच नाहीत, ते बरे झाले म्हणून कसे सांगतील?

“सर, बाजूचे दवाखाने घेऊन राहिले,” तो म्हणाला.

“घेऊ द्या.”

बाई उठल्या. औषधाच्या कपाटाच्या किल्ल्या त्यांनी टेबलावर ठेवल्या, ती ओळ काढून टाकेपर्यंत आपण येणार नाही असं शांतपणे सांगितलं आणि कामठीच्या शेअर ऑटोसाठी निघून गेल्या. कोणी थांबवलं नाही. मीसुद्धा नाही. मला आधी खरं काय ते पाहायचं होतं.

मंगळवारी काउंटरवर मी बसलो. पहिल्या अर्ध्या तासातच कळलं. अपॉइंटमेंटच्या यादीत अकराच्या पुढे चार नावं होती. चौघांनाही ‘अकराला या’ म्हणून सांगितलेलं. पुढे बाराच्या समोर पुन्हा चार. ही पद्धत बाईंची नव्हती. दवाखाना नवा असताना निम्मे लोक येतच नसत, म्हणून आम्हीच ती घालून दिली होती. आता सगळे येतात, वेळेवर येतात, आणि पद्धत तशीच राहिली.

मग रिपोर्टवाले सुरू झाले. “नुसता रिपोर्ट दाखवायचा आहे, दोन मिनिटं” असं म्हणत एकेक जण दाराशी उभा राहतो. अपॉइंटमेंट नसते, फीही नसते, कारण सात दिवसांत रिपोर्ट दाखवणं फुकट. त्यांना ताटकळत ठेवायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम. पण दोन मिनिटांत कोणी बाहेर आलं नाही. भिवापूरच्या एका महिलेने शुगरचा रिपोर्ट दाखवला, मग सासूच्या गुडघ्याचं विचारलं, मग मुलाला येणाऱ्या खोकल्याचं. बायकोने सगळ्याची उत्तरं दिली. ती देतेच. बाहेर अकराचे चौघे माझ्याकडे असे पाहत होते की बाईंनी नऊ वर्षं ते कसं सोसलं, हा प्रश्न मला पडला.

ओळखीचा एकही आत गेला नाही. जे गेले ते नियमाप्रमाणे गेले, पण बाहेर बसलेल्याला नियम दिसत नाही, काउंटरवरची बाई दिसते.

दुपारी जेवताना मी बायकोला सगळं सांगितलं. तिने पोळीचा तुकडा हातातच धरून ठेवला.

“म्हणजे चूक माझीच.”

“पद्धत आपली. भोगलं त्यांनी.”

“हे तुम्ही उत्तरात लिहिणार?”

“लिहिणार.”

“अहो, पेशंट वाचतील. एका वेळेला चौघांना बोलावतात म्हणतील.”

“रोज बाहेर बसून तेच तर म्हणून राहिले. आपल्यालाच ऐकू येत नव्हतं.”

ती रागावली. त्या शनिवारी साडेअकराला छातीत दुखणारा एक माणूस आला होता, त्याचा ईसीजी काढून त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवण्यात वेळ गेला होता, निदान ते तरी लिहा, असं ती म्हणाली. त्यालाही मी नाही म्हटलं. कोणत्या दिवशी कोणाला काय झालं, हे आपण चारचौघांत सांगावं म्हणून कोणी आपल्याकडे येत नाही. तक्रार करणारा आपला पेशंट आहे की नाही, हेसुद्धा तिथे लिहायचं नाही. हा धडा तिनेच मला शिकवला होता.

संध्याकाळी दारावर नव्या वेळांचा फलक लावला आणि रात्रीच्या जेवणाआधी उत्तर टाकलं. आधी काम, मग शब्द, एवढाच माझा हट्ट होता. उत्तर असं:

‘नमस्कार. ठरलेल्या वेळेनंतर बराच वेळ थांबावं लागल्याच्या आपल्या अनुभवाबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कोणाच्याही भेटीचा तपशील इथे लिहिणं योग्य नाही. परंतु आमच्याकडे थांबावं लागतं, हे खरं आहे. याला काउंटरवरच्या कर्मचारी जबाबदार नाहीत. आम्ही एकाच वेळेवर अनेकांना बोलावत होतो आणि रिपोर्ट दाखवणाऱ्यांना मध्येच आत घेत होतो. उद्यापासून दर वीस मिनिटांना एकच नाव घेऊ. रिपोर्ट दुपारी एक ते दीड या वेळेत पाहू. तातडीचा रुग्ण आल्यास त्याला आधी घेऊ आणि तसं बाहेर सांगू. जास्त उशीर होणार असेल, तर पुढच्यांना फोन करू. आपण दवाखान्याच्या नंबरवर बोललात, तर आम्ही आभारी राहू.’

त्याच उत्तराचा फोटो मी बाईंना मोबाइलवर पाठवला. वाचल्याच्या निळ्या खुणा उमटल्या.

बुधवारी साडेदहाला त्या आल्या. फलक वाचला, किल्ल्या उचलल्या. तेवढ्यात आमच्याच अपार्टमेंटचे सेक्रेटरी दारात आले.

“डॉक्टर वहिनींना नुसता रिपोर्ट दाखवायचा आहे.”

“एक वाजता या, भाऊ,” बाई म्हणाल्या.

“मी कोण आहे, माहीत नाही का तुमाले?”

“माहीत आहे ना. म्हणून तर एक वाजता.”

सेक्रेटरींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बाई सांगतात तेच. ते निघून गेले आणि आजही लिफ्टमध्ये माझ्याशी बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यांत चार-सहा जुने पेशंट तुटले. दर वीस मिनिटांना एक म्हणजे दिवसाची नावं कमी झाली आणि उत्पन्नही घटलं. बायकोने विचारलं, परवडेल का? मी म्हटलं, परवडवू.

तक्रार करणाऱ्याने फोन केला नाही. त्याला फोन करून तक्रार काढायची विनंती करावी, फी परत द्यावी, असं एजन्सीवाल्याने सुचवलं. मी ऐकलं नाही. तक्रार खरी होती. ती तिथेच राहील, खाली आमचं उत्तरही राहील. ज्याला यायचं त्याने दोन्ही वाचून यावं.

महिनाअखेर एजन्सीला त्या महिन्याचे ठरलेले चार हजार चेकने दिले आणि काम बंद केलं. बारा हजार कोणालाच दिले नाहीत. बाईंना पूर्ण पगार दिला, मंगळवार धरून.