सगळं नॉर्मल, आणि पाळी नाही

लग्नाच्या बोलणीतच मी एक अट घातली होती. पाळीत मी बाजूला बसणार नाही. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. वडील लूमवर, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची, आणि मी महापालिकेच्या मराठी शाळेतून निघून गुजराती कॉलेजात बी. कॉम. झाले. मार्केटमध्ये एका साडीच्या पेढीचा जीएसटी मी एकटी सांभाळते. तर चार दिवस कोपऱ्यात चटईवर बसून वेगळ्या ताटात जेवणं मला जमणारं नव्हतं, आणि तसं मी तोंडावर सांगितलं.

सुरतेत लिंबायतच्या दोन खोल्यांत त्यावरून दर महिन्याला भांडण. मी ओट्याशी गेले की सासूबाई अहिराणीत म्हणायच्या, "व्हय मांगे! कालेजमा हाईच शिकाडं का?" मी म्हणायची, "हो आई, हेच शिकवलं." नवरा टीव्हीचा आवाज वाढवायचा.

मग मला दिवस गेले, आणि तिसऱ्या महिन्यात गेले ते गेलेच. गर्भ पडला, रक्त थांबेना, म्हणून जवळच्या दवाखान्यात पिशवी साफ केली. आत काही राहिलं होतं, ताप आला, म्हणून थोड्याच दिवसांत पुन्हा साफ केली. ते करणं भागच होतं, नाहीतर माझं काही खरं नव्हतं. पुढे हे सगळं उकरून काढताना मला ही गोष्ट स्वतःला बरेचदा सांगावी लागली.

त्यानंतर पाळी आली ती नुसता डाग. पुढच्या वेळी त्याहून कमी. मग तेही नाही.

आणि घरात शांतता आली. खरंच सांगते, लग्नानंतर पहिल्यांदा. भांडायला कारणच उरलं नव्हतं. सासूबाई मला देवाजवळ बोलवू लागल्या, लोणच्याच्या बरणीत माझा हात चालू लागला. एकदा भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "आते बरं शे. कटकट नही." मीही हसले. मला वाटलं, अशक्तपणा आहे, येईल परत.

पाळी येत नव्हती, पण तिचं बाकी सगळं येत होतं. महिन्याच्या ठरल्या सुमाराला छाती जड व्हायची, चिडचिड व्हायची, ओटीपोटात कळ यायची. फक्त रक्त नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी पाळी आणायच्या गोळ्या दिल्या. काही आलं नाही. मग रक्त तपासलं. थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एफएसएच, एलएच, सगळे आकडे दिलेल्या मर्यादेत. डॉक्टर म्हणाले, "बेन, सब नॉर्मल है. टेन्शन मत लो." ते कागद मी मार्कशीटसारखे प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून घरी आणले आणि नवऱ्याला ओळ न् ओळ वाचून दाखवले. पास झाल्यासारखं वाटलं होतं मला.

श्रावणात घरी कानबाई देवी बसली. आमच्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गव्हाच्या मुठी घेऊन त्याचे रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या करतात, आणि ते दळण-कांडण सोवळ्यात. एरवी दर वर्षी कुणाची ना कुणाची अडचण निघायची. त्या वर्षी सासूबाईंनी सरळ माझं नाव घेतलं. मोठ्या चुलतसासूबाईंनी विचारलं, "इनी तारीख?"

"तिले काई नही येस आते," सासूबाई म्हणाल्या. अभिमानाने म्हणाल्या.

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. एकीने माझ्या पोटावर हात फिरवला. "मंग आसं सांग ना व! पेढा कव्हय?" मी नाही म्हणेपर्यंत दुसरीने आणखी एक मूठ गहू सुपात टाकले होते, येणाऱ्याच्या नावाने.

आधी दळलेल्या मुठींचं पीठ मळताना कळ आली. नेहमीची नव्हे, मी परातीवर वाकले ते मला उठवेना. सासूबाईंनी पिठाच्या हातांनीच मला धरलं. माझा चेहरा पाहिला आणि बायकांना म्हणाल्या, "व्हा बाहेर. पोर नही, काई नही. हाई दुसरंच शे." त्यांनी ते गहू सुपातून परत काढले का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

मग आम्ही कतारगामला बायकांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी माझी फाइल चाळली आणि बाजूला ठेवली. विचारलं, "पाळी बंद होण्याआधी काय झालं होतं?" इतक्या दिवसांत हा प्रश्न मला कुणीच विचारला नव्हता. मी दोन्ही वेळची सफाई सांगितली. त्यांनी दोन प्रकारच्या गोळ्यांचा पूर्ण कोर्स दिला, त्यानंतरही थेंब आला नाही. मग सोनोग्राफी.

"हार्मोन बरोबरच आहेत, बेन," त्या म्हणाल्या. "अंडाशय आपलं काम करतंय, म्हणून तुम्हाला छाती जड होते, सगळं जाणवतं. पण पाळीचं रक्त येतं पिशवीच्या आतल्या अस्तरातून. सफाईत ते अस्तर खोलवर खरवडलं गेलं, वर इन्फेक्शन झालं, आणि समोरासमोरच्या भिंती जखमेने एकमेकींना चिकटल्या. एका कोपऱ्यात थोडं अस्तर शिल्लक आहे, तिथलं रक्त अडकतं. तीच कळ."

"कुणाची चूक?"

"असेलच असं नाही. हे होतं कधीकधी."

"मग रिपोर्टमध्ये का नाही आलं?"

"रक्ताच्या रिपोर्टात हे दिसतच नाही."

दुर्बीण आत घालून त्यांनी चिकटलेलं बारीक कात्रीने सोडवलं. भिंती परत जुळू नयेत म्हणून काही दिवस आत छोटा फुगा ठेवला, अस्तर वाढावं म्हणून गोळ्या. गोळ्या संपल्या आणि पाळी आली. लाल, खरी, दोन दिवस. मी संडासातून बाहेर आले आणि स्वयंपाकघराच्या दारातच थांबले. "आई, मला आली." सासूबाईंनी गॅस बंद केला, पदर डोळ्याला लावला, आणि कोपऱ्यात चटई अंथरली. मी जाऊन बसले. कुणी अटीचा विषय काढला नाही. त्यांनी मला ताट वाढून दिलं आणि स्वतः समोर फरशीवर बसल्या, मी जेवेपर्यंत.

पुढच्या महिन्यात कमी. त्याच्या पुढच्या महिन्यात डाग.

डॉक्टरबाईंनी पुन्हा दुर्बीण घातली. गुंगी उतरल्यावर माझ्या पलंगाशी स्टूल ओढून बसल्या तेव्हाच मला कळलं. सोडवलं होतं ते पुन्हा जुळलं होतं, आणि आता जास्त घट्ट. "कोपऱ्यात अडकलेलं मोकळं केलंय, कळ कमी होईल. बाकीचं आणखी एकदा कापता येईल. पण कापून जागा होते, अस्तर येत नाही. अस्तर जिथून उगवतं तो थरच फारसा उरलेला नाही."

"मूल?"

"नाहीच असं मी म्हणणार नाही. पण आशा फार थोडी. आणि राहिलंच तर बाळाची वार पिशवीत रुतून बसायची भीती. त्यात तुमच्या जिवाला धोका."

मी म्हटलं, "मग तुम्ही माझ्या जागी असता तर?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "मी थांबले असते," म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर नवरा बसला होता, आजूबाजूला सगळ्या गुजराती बायका, कित्येकींची पोटं पुढे आलेली. मला तिथे रडायचं नव्हतं आणि घरी जाईपर्यंत थांबायचंही नव्हतं. म्हणून तिथे कुणाला कळणार नाही अशा अहिराणीत बोलले, जी मी एरवी बाहेर कधी बोलत नाही.

"आते नही करनं काई. व्हनार नही."

"काईच नही?"

"काईच नही."

त्याने माझी फाइल आपल्या हातात घेतली. मग म्हणाला, "माय ले मी सांगस." मी म्हटलं, "नको. मीच सांगीन."

बाकाच्या टोकाला एक बाई होती, पोट आठव्या-नवव्या महिन्याचं. इतका वेळ ती मोबाइलवर अस्सल सुरती गुजराती बोलत होती. तिने फोन बंद केला, आमच्याकडे न बघता कष्टाने उठली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. "बस, बहिन," आपल्या जागेकडे हात करून ती अहिराणीत म्हणाली, "बस आठे."

मी बसले.