तीन अठ्ठेचाळीस

डिसेंबरात बोईसरच्या आमच्या शाळेत भूगोलाची प्रश्नमंजूषा मीच घेतली. कैरो ३१ अंश पूर्व, कोलकाता ८८ अंश पूर्व. कैरोत दुपारचे बारा वाजले, तर रेखांशावरून कोलकात्याची स्थानिक वेळ काय?

कोळीवाड्यातली एक मुलगी म्हणाली, "तीन अठ्ठेचाळीस, सर. सत्तावन्न अंशांना चार मिनिटांनी गुणलं."

माझ्या कार्डावर साडेतीन होतं. आळशी मी, मोबाइलमधली दोन्ही शहरांची प्रमाणवेळेची घड्याळं बघून उतरवलेलं. "चूक!" मी ठणकावलं. तिचा संघ हरला.

घरी गुणाकार केला तेव्हा माझा गाढवपणा कळला. तरी कबूल करायची हिंमत झाली नाही. सोमवारी वर्गात तिला मुद्दाम तोच प्रश्न विचारला. या वेळी "बरोबर" म्हणायचं ठरवून.

खाली बघत ती म्हणाली, "साडेतीन हाय, सर."