दहा मिनिटं पुढचं घड्याळ आणि एकच पासवर्ड

अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत आमचं बिल्डिंगांच्या ड्रॉइंगचं ऑफिस होतं. कॉम्प्युटरशी संबंधित जे काही बिघडेल ते माझ्या गळ्यात. सगळी ड्रॉइंग ज्यात असायची तो नॅस म्हणजे चार डिस्कांचा एक काळा डबा, पँट्रीशेजारच्या कपाटात ठेवलेला. त्याला सगळ्या ऑफिसात मिळून एकच लॉगिन. पासवर्ड पाण्याच्या कूलरवर चिकटवलेला.

एक ड्राफ्ट्समन नोकरी सोडून दुसऱ्या फर्ममध्ये गेला, तेव्हा साहेब, म्हणजे आमचे मालक, दचकले. "अरे, त्याला पासवर्ड पाठ असेल ना!"

"असेलच. कूलरवर आहे," मी म्हणालो.

मी उपाय सांगितला. रोज सकाळी आपण ज्या नाव-पासवर्डने कॉम्प्युटर उघडतो, ती यादी आपल्या सर्व्हरवर आहेच. त्या यादीच्या कारभाराला डोमेन म्हणतात; नॅस त्या डोमेनला जोडायचा. मग ज्याचं त्याचं लॉगिन नॅसवरही चालेल, आणि माणूस सोडून गेला की त्याचं खातं एकाच जागी बंद करायचं. साहेब म्हणाले, "झकास. दुपारपर्यंत होईल ना?"

नॅसला आधी डोमेनच सापडेना. त्याचा डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता विचारायची जागा, राउटरकडे वळवलेला होता. तो सर्व्हरकडे वळवला. डोमेन सापडलं, पण जोडून घेईना. म्हणे, वेळ जुळत नाही. सर्व्हरच्या आणि नॅसच्या घड्याळात पाच मिनिटांहून जास्त फरक असला की लॉगिनचा कारभार ठप्प होतो. इथे फरक बरोब्बर दहा मिनिटांचा.

आणि मला आठवलं. नॅस बसवला तेव्हा वेळ मीच घातली होती, समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात बघून.

ते घड्याळ साहेबांनी मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलं होतं, लोक वेळेवर यावेत म्हणून. ऑफिसात हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि प्रत्येक जण मनात दहा मिनिटं वजा करूनच यायचा. फक्त साहेबांसमोर कोणी बोलत नसे.

"का अडलंय?" साहेबांनी मागून विचारलं.

"नॅसचं घड्याळ पुढे आहे, सर."

"भिंतीवरच्याशी लावून बघ."

"त्याच्याशीच लावलंय."

ऑफिसात माऊसचे आवाज थांबले. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "बरं, तुला काय करायचं ते कर." मी नॅसला सर्व्हरवरूनच वेळ घ्यायला लावलं. पुढच्या फटक्यात तो डोमेनला जोडला गेला. प्रत्येक फोल्डर कोणत्या गटाला उघडायचा ते ठरवलं, कूलरवरचा कागद फाडला आणि जुनं लॉगिन बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली हाक रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताईंची. त्या मूळच्या मालवणच्या, ऑफिसात सगळ्यांत जुन्या. "अरे मेल्या, माझो फोल्डर खंय गेलो?" त्यांच्या कॉम्प्युटरने जुना पासवर्ड जपून ठेवला होता आणि तोच पुन्हा पुन्हा पुढे करत होता. मी तो पुसला, त्यांना लॉग आउट करून परत आत यायला सांगितलं. फोल्डर उघडला. ताईंचं समाधान होईना.

"पासवर्ड इचारल्यानच नाय! असो कोणय आत येतलो!"

"ताई, सकाळी कॉम्प्युटर उघडताना घातलात ना, तोच नॅसही ओळखतो."

इतक्यात केबिनमधून ओरडा आला. साहेबांना टेंडरचा फोल्डर उघडत नव्हता. मी तपासलं तर चूक माझीच: मी सगळ्यांना गटांत घातलं होतं, मालकाला घालायचंच राहिलं होतं. ताबडतोब घातलं.

"अजून नाही उघडत," साहेब.

"सर, लॉग आउट करून परत लॉगिन करावं लागेल. त्याशिवाय नवा गट लागू होत नाही."

साहेबांच्या स्क्रीनवर असंख्य खिडक्या उघड्या होत्या. कॉम्प्युटर ते स्वतः कधी बंदच करायचे नाहीत, आणि लॉक होऊ नये असं त्यांनी माझ्याकडूनच करून घेतलं होतं. शेवटी एकेक फाइल सेव्ह करत त्यांनी लॉग आउट केलं. पासवर्डची चौकट आली. साहेब तिच्याकडे बघत राहिले, मग दाराकडे वळून हळूच म्हणाले, "ताई, जरा येता का?"

ताई आल्या, चष्मा सारखा केला आणि साहेबांचा पासवर्ड धडाधड टाइप केला. लाइट जाऊन आली की साहेबांचं मशीन ताईच उघडून द्यायच्या, कित्येक वर्षं. टेंडरचा फोल्डर उघडला.

मी छताकडे बघत होतो. "सर, आता हा पासवर्ड बदलावा लागेल. फक्त तुम्हाला माहीत असेल असा."

"हो, हो. बदलतो." त्यांनी आम्हा दोघांना बाहेर काढून दार लावलं. आतून बराच वेळ एका बोटाने टाइप केल्याचा आवाज येत होता.

ताई खुर्चीवर बसल्या. जरा दुखावल्या असाव्यात असं मला वाटलं. "ताई, राग नाही ना आला?"

"राग कसलो? सुटलंय मी," त्या म्हणाल्या आणि डबा उघडून मला अर्धा घावन दिला.